संत्र्याच्या सालीच्या बारा पाकळ्या आणि नकाशाखाली लिहिलेला स्केल

भूगोलाच्या स्लाइड्समध्ये साधारण असा क्रम असतो, आधी नकाशाप्रमाण म्हणजे स्केल, त्यावर दोनतीन गणितं, मग पुढच्या तासाला प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत, त्यात सिलिंडर, शंकू, सपाट कागद अशी ती तीन चित्रं. दोन्ही टॉपिक वेगवेगळे, मधे काही संबंध नाही असं वाटतं. मीसुद्धा बरीच वर्षं तसंच शिकवलं. मग एकदा वर्गात जगाचा नकाशा लावला होता, मी जोशात सांगत होतो की ग्रीनलंड इथे खूप मोठं दिसतं पण खरं तेवढं नाही, आणि मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, मग खाली जो स्केल लिहिलाय तो नक्की कुठला? ग्रीनलंडचा की आफ्रिकेचा?"

मी दोन सेकंद गप्प. कारण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता आणि माझ्या दोन्ही स्लाइड्समध्ये त्याचं उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी हे दोन टॉपिक वेगळे घेतच नाही, एकाच संत्र्यावर दोन्ही घेतो. खाली जे लिहिलंय ते तसंच्या तसं करून बघा, वर्गात दाखवायचं असेल तर आदल्या दिवशी घरी एकदा नक्की करा, कारण पहिलं संत्रं जवळजवळ नेहमी वाया जातं.

सामान आणि संत्र्याची निवड

एक गोल संत्रं (दोन घ्या), दोरा, पट्टी, बॉलपेन, बारीक टोकाचा मार्कर, धारदार छोटी सुरी, चमचा, आलेख कागद. साल जाड आणि आतून थोडी सुटलेली असेल तर उत्तम, पातळ चिकट सालीचं फळ घेतलंत तर साल तुकड्यातुकड्यांनी निघेल आणि सगळा खेळ खलास. आणि आकार शक्य तितका गोल बघा. आपण लहानपणी पाठ केलेलं असतं की पृथ्वी संत्र्यासारखी दोन्ही टोकांना चपटी आहे, पण बाजारातली बरीचशी संत्री पृथ्वीपेक्षा कैक पटीने चपटी असतात. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा व्यास १२,७५६ किमी आणि ध्रुवातून ध्रुवाचा १२,७१४ किमी, फरक साधारण ४२ किमी. सात सेंटीमीटर व्यासाच्या संत्र्यावर हा फरक येतो जेमतेम पाव मिलीमीटर, म्हणजे डोळ्यांना दिसणारच नाही. त्यामुळे चपटेपणा विसरा, गोल फळ शोधा. मोसंबीसारखं गोल चालेल पण साल सोलायला जड जाते.

पहिलं काम: संत्र्याचा स्वतःचा स्केल काढा

देठ म्हणजे उत्तर ध्रुव, बरोबर समोरचं टोक दक्षिण ध्रुव. दोघांच्या मधोमध दोरा गुंडाळा, तो विषुववृत्त. दोऱ्याच्या कडेने पेनाने रेघ मारा, मग दोरा सोडवून पट्टीवर मोजा. माझ्या संत्र्याला २२ सेमी आले, पुढे सगळीकडे हाच आकडा धरतो, तुमचा वेगळा आला तर त्या हिशोबाने बदला.

पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किमी. भागिले २२. म्हणजे संत्र्यावरचा १ सेमी = साधारण १,८२० किमी. हे झालं शब्दप्रमाण. किमीचे सेमी केले की अंकप्रमाण येतं, १:१८,२०,००,०००, म्हणजे एकास सव्वाअठरा कोटीच्या जवळपास. इथे मुलांना थोडं थांबवून विचारतो की हा स्केल संत्र्यावर कुठे लागू आहे? उत्तर आहे सगळीकडे. देठाजवळ १ सेमी मोजा, पोटावर मोजा, उभं मोजा, आडवं मोजा, १,८२० किमीच. पृथ्वीगोलाचं हेच तर वैशिष्ट्य आहे, एकच स्केल, सर्व ठिकाणी, सर्व दिशांनी. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा, पुढे याचीच वाट लागणार आहे.

आता ६० अंशाचं अक्षवृत्त काढू. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत सालीवरून अंतर घेराचा चौथा भाग, म्हणजे ५.५ सेमी. हे ९० अंश. तर ६० अंश म्हणजे त्याचे दोन तृतीयांश, जवळपास ३.७ सेमी. विषुववृत्तापासून उत्तरेला चारपाच ठिकाणी ३.७ सेमीवर ठिपके द्या आणि जोडून घ्या. या गोलावर दोरा लावून मोजा. ११ सेमी यायला हवेत, बरोब्बर अर्धे. साडेदहा ते साडेअकरा आलं तरी ठीक, नऊ किंवा तेरा आलं तर समजा की फळ चपटं आहे नाहीतर ठिपके चुकलेत, ते आधी दुरुस्त करा, कारण पुढचा सगळा हिशोब या एका अर्ध्यावर उभा आहे.

शेवटी रेखावृत्तं. विषुववृत्ताएवढी, म्हणजे २२ सेमी लांब कागदाची पट्टी कापा, तिची घडी घालून बारा समान भाग करा (दोनदा अर्धी, मग तिसऱ्या भागात), पट्टी परत विषुववृत्तावर गुंडाळून बारा खुणा करा आणि प्रत्येक खुणेतून ध्रुवापासून ध्रुवापर्यंत रेघ ओढा. दोन रेघांत ३० अंश.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ८ मिमी व्यासाची एखादी गोल वस्तू घ्या, पेनचं टोपण वगैरे, आणि तिच्याभोवती मार्कर फिरवून दोन वर्तुळं काढा. एक विषुववृत्तावर, एक ६० अंशावर, दोन्ही दोन रेखावृत्तांच्या बरोबर मधे. फ्रेंच गणितज्ञ तिसो याने १९ व्या शतकात विकृती मोजण्यासाठी हीच युक्ती काढली, गोलावर सारखी वर्तुळं काढायची आणि नकाशात त्यांचं काय होतं ते बघायचं. देशांचे आकार काढत बसू नका, आपल्याला आफ्रिका नीट काढता येत नाही आणि मग विकृती प्रक्षेपणाची की आपल्या चित्रकलेची हेच कळत नाही.

साल का फाटते, हे दोऱ्याने सिद्ध होतं

स्लाइडवर वाक्य असतं, "गोल पृष्ठभाग सपाट करता येत नाही." मुलं लिहून घेतात आणि पुढे जातात. का करता येत नाही ते कोणी विचारत नाही आणि खरं सांगायचं तर बऱ्याच स्लाइड्स तयार करणाऱ्यांनाही ते माहीत नसतं.

दुसरं संत्रं घ्या, विषुववृत्तावर कापून साल अर्ध्या वाटीसारखी सोलून काढा. वाटी टेबलावर उपडी ठेवून तळव्याने दाबा. कडा फाटतील. आता बघा कारण किती साधं आहे. या वाटीत मध्यापासून, म्हणजे ध्रुवापासून, कडेपर्यंत सालीवरचं अंतर ५.५ सेमी आहे आणि कडेची लांबी २२ सेमी आहे. पण सपाट कागदावर ५.५ सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्याचा परीघ येतो साडेचौतीस सेमी. कागदाला कडेला साडेचौतीस सेमी हवेत, सालीकडे आहेत बावीस. साडेबारा सेमी कमी! ते कुठून आणणार? साल ताणली जात नाही, म्हणून ती फाटते, आणि फाटलेल्या सगळ्या फटी कडेला मोजून बेरीज केली तर साडेबाराच्या आसपास येते. हे मी वर्गात करून घेतो, मुलं पट्टीने एकेक फट मोजतात, बेरीज अकरा येते, तेरा येते, पण एकदा मोजली की "फाटते कारण गोल आहे" याच्या पुढे डोकं जातं.

याउलट कागदाची नळी उभी कापून उलगडा, एक फटसुद्धा पडत नाही. शंकूचंही तसंच. जर्मन गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये हे कायमचं सिद्ध केलं, की गोलाचा तुकडा कितीही हुशारीने उलगडला तरी सगळी अंतरं जशीच्या तशी राखून तो सपाट होऊ शकत नाही. म्हणजे चांगलं प्रक्षेपण अजून सापडलेलं नाही असं नव्हे, ते सापडणारच नाही.

आणि इथेच लगेच उलट बाजू दाखवा, नाहीतर मुलं सगळ्याच नकाशांवर संशय घेऊ लागतात. त्याच सालीचा अर्ध्या सेमी त्रिज्येचा छोटा गोल तुकडा कापा आणि दाबा. काही फाटत नाही. हिशोब केला तर त्याच्या कडेला फक्त ०.१ मिमी कमी पडतो. आता एखाद्या शहराचा नकाशा घ्या, ३० किमी रुंदीचा. संत्र्याच्या मापात ३० किमी म्हणजे ०.१६ मिमी, सालीवरचा एक ठिपका. तो सपाट करायला कसला त्रास? म्हणून १:५०,००० सारख्या बृहद्प्रमाण नकाशात पट्टी ठेवून बिनधास्त मोजा, आणि १:१० कोटीसारख्या लघुप्रमाण जगाच्या नकाशात नाही. (बृहद् आणि लघु यात दर वेळी गोंधळ होतो, कारण ५०,००० पेक्षा १० कोटी मोठा आकडा वाटतो. अपूर्णांक म्हणून बघा, एक भाकरी पन्नास हजारांत वाटली तर तुकडा मोठा की दहा कोटींत वाटली तर?)

बारा पाकळ्या

आता पहिलं, रेघा मारलेलं संत्रं. एका रेखावृत्तावर ध्रुवापासून ध्रुवापर्यंत पूर्ण काप द्या. बाकी अकरा रेखावृत्तांवर दोन्ही ध्रुवांपासून काप द्या पण विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा सेमी सोडा, म्हणजे मधे एक सेमीचा पट्टा जोडलेला राहील. सुरी सालीपुरतीच आत घाला, रस निघाला की शाई पसरते आणि वर्तुळं गेली. चमच्याचं मागचं टोक सालीखाली घालून पूर्ण कापापासून हळूहळू सोडवत जा. घाई केली की पट्टा तुटतो. तुटलाच तर घाबरू नका, पाकळ्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवा, फरक पडत नाही.

आलेख कागदावर पसरा, वजन ठेवा, आणि मोजमाप त्याच दिवशी उरका, साल वाळली की आकसते आणि वळते.

तुमच्यासमोर आता २२ सेमी लांबीचा पट्टा आणि त्यातून वरखाली निघालेल्या बारा बारा टोकदार पाकळ्या. विषुववृत्तावर प्रत्येक पाकळी १.८ सेमी रुंद, ६० अंशावर ०.९ सेमी, टोकाला शून्य. आणि ६० अंशाच्या उंचीवर प्रत्येक दोन पाकळ्यांच्या मधे ०.९ सेमीची रिकामी फट. म्हणजे त्या उंचीवर निम्मी साल आणि निम्मी हवा.

जगातले नकाशे करणारे गेली कित्येक शतकं फक्त एवढ्याच एका प्रश्नावर भांडतायत, की या हवेचं करायचं काय.

एक उत्तर म्हणजे काहीच करू नका, फटी राहू द्या. अमेरिकन भूगोलतज्ञ गूड यांनी १९२३ मध्ये जो तुटक नकाशा काढला तो याच जातीचा, फक्त त्यांनी काप समुद्रात दिले म्हणजे खंड शाबूत राहतात. जमिनीचं क्षेत्रफळ बरोबर, आकारही बरेच बरे, पण समुद्राच्या चिंध्या, आणि जहाजाचा मार्ग काढायला गेलात तर मधेच नकाशा संपतो.

बाकी उत्तरं फट भरण्याची. साल ताणत नाही म्हणून हे आलेख कागदावर करायचं. पाकळीच्या शेजारी १.८ सेमी रुंदीचा उभा चौकोनी रकाना काढा, पाकळी त्या रकान्यात भरायची आहे. ६० अंशावर पाकळी ०.९ आहे, रकाना १.८, म्हणजे तिथे सगळं काही आडवं दुप्पट करावंच लागेल. यात निवड नाही. निवड आहे ती उभ्या दिशेची, आणि तीन तऱ्हेने करता येते. आपलं ६० अंशावरचं ८ मिमीचं वर्तुळ घेऊन तिन्ही करू.

पहिली तऱ्हा, उभ्याला हात लावायचा नाही. वर्तुळ आडवं १६ मिमी, उभं ८ मिमी. लंबगोल झालं, आकार बिघडला, क्षेत्रफळ दुप्पट झालं. अक्षवृत्तं सारख्या अंतरावर राहतात. करायला सगळ्यात सोपा नकाशा, म्हणून कॉम्प्युटरवर खूप दिसतो.

दुसरी तऱ्हा, आडवं जितकं ताणलं तितकंच उभंही ताणायचं. वर्तुळ १६ बाय १६ मिमी. गोल राहिलं! पण क्षेत्रफळ चौपट. हा मर्केटर नावाच्या नकाशाकाराचा १५६९ सालचा नकाशा, त्याच्याच नावाने ओळखला जातो. तुम्ही प्रामाणिकपणे काढलंत तर वर्तुळ अगदी गोल येणार नाही, वरून जरा रुंद, अंड्यासारखं येईल, कारण ८ मिमी म्हणजे १३ अंश झाले आणि त्याच्या वरच्या कडेला ताण अडीचपट असतो, खालच्या कडेला पावणेदोनपटीहून जरा कमी. मर्केटरमध्ये आकार बरोबर राहतो हे लहान तुकड्यांपुरतं खरं आहे, अख्ख्या देशाचा आकार वरून फुगतोच.

तिसरी तऱ्हा, आडवं दुप्पट झालं ना, मग उभं निम्मं करून टाका. वर्तुळ १६ बाय ४ मिमी. क्षेत्रफळ पहिल्याइतकंच, जवळपास ५० चौरस मिमी, पण आकार बघवत नाही, कोणीतरी पोळी लाटल्यासारखा. ही समक्षेत्र प्रक्षेपणं. यातच जरा फेरफार करून, आडवा ताण ४५ अंशावर शून्य होईल असं जमवलं की गॉल-पीटर्स येतो, ज्यात आफ्रिका वाळत घातलेल्या कपड्यासारखी लांब लोंबते.

विषुववृत्तावरचं वर्तुळ मात्र तिन्ही तऱ्हांत जवळपास जसंच्या तसं राहतं. दोन्ही वर्तुळं शेजारी ठेवा. आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही का राखता येत नाही हे आता कोणाला पाठ करावं लागत नाही, आडवं दुप्पट होणं अटळ आहे, उभं दुप्पट केलं तर आकार वाचतो, निम्मं केलं तर क्षेत्रफळ वाचतं, आणि एकच उभी रेघ एकाच वेळी दुप्पट आणि निम्मी होऊ शकत नाही.

रॉबिन्सन वगैरे जे नकाशे आहेत ते दोन्हीकडे थोडंथोडं बिघडवतात म्हणजे कुठेच फार वाईट दिसू नये. भिंतीवर लावायला मला तेच आवडतात. पण मोजायला तेही नाहीत.

ग्रीनलंडचा पूर्ण हिशोब

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. ग्रीनलंड साधारण ६० ते ८३.५ अंश उत्तर यांच्यात आहे. आफ्रिका ३७ उत्तर ते ३५ दक्षिण. आपल्या संत्र्यावर दक्षिणोत्तर लांबी काढा, एक अंश म्हणजे २२ भागिले ३६०, ०.०६१ सेमी. ग्रीनलंड २३.५ अंश म्हणजे १.४ सेमी. आफ्रिका ७२ अंश म्हणजे ४.४ सेमी. आफ्रिका तिप्पटीहून उंच.

याच संत्र्यावरून २२ सेमी रुंदीचा मर्केटर काढला तर आफ्रिकेची उंची होते ४.७ सेमी, म्हणजे किरकोळ वाढ. ग्रीनलंडची होते ५.४ सेमी! १.४ चे ५.४. म्हणजे जे तिसऱ्या हिश्शाचं होतं ते डोक्यावर चढून बसलं. रुंदीचीही तीच गत. ६० अंशावर क्षेत्रफळ ४ पट होतं ते आपण पाहिलं, ७५ अंशावर १५ पट होतं आणि ८० अंशावर ३३ पट. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किमी आणि ग्रीनलंड २१.७ लाख, म्हणजे आफ्रिकेत १४ ग्रीनलंड मावतात. वर्गात मला जास्त उपयोगी पडणारी तुलना मात्र काँगो लोकशाही प्रजासत्ताकची आहे. तो देश बरोबर विषुववृत्तावर बसलाय, क्षेत्रफळ २३.४ लाख चौरस किमी, म्हणजे ग्रीनलंडपेक्षा जरासा मोठाच. मर्केटरवर दोघांवर बोट ठेवून विचारा कोण मोठं, उत्तर ऐकण्यासारखं असतं.

आणि स्केल? नकाशाची रुंदी २२ सेमी, म्हणजे विषुववृत्तावर १ सेमी = १,८२० किमी. पण ६० अंशाचं अक्षवृत्त खरं तर निम्म्या लांबीचं आहे आणि तेही याच २२ सेमीत पसरलंय. म्हणजे तिथे १ सेमी = ९१० किमी. अंकप्रमाणात सांगायचं तर एकाच कागदावर विषुववृत्तावर १:१८.२ कोटी आणि ६० अंशावर १:९.१ कोटी. खाली लिहिलेला स्केल विषुववृत्ताचा असतो. ग्रीनलंडला तो लागू नाहीच, आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जो लागू आहे तो उत्तर टोकाला नाही. म्हणूनच जुन्या चांगल्या मर्केटर नकाशांवर साध्या रेषाप्रमाणाऐवजी, म्हणजे किमीच्या खुणा केलेल्या एका पट्टीऐवजी, एक फनेलसारखी आकृती असते, प्रत्येक अक्षांशाला वेगळी पट्टी. फोनवरच्या सपाट नकाशातही हे दिसतं, झूम न बदलता नकाशा उत्तरेकडे सरकवत न्या आणि कोपऱ्यातल्या रेषाप्रमाणाच्या पट्टीकडे बघत रहा, ती पट्टी नाहीतर तिच्यावरचा आकडा बदलत जातो.

म्हणजे प्रक्षेपणाची विकृती म्हणून जी वेगळी गोष्ट शिकवली जाते ती दुसरंतिसरं काही नसून स्केल जागोजागी बदलणं आहे. स्केल सगळ्या दिशांना सारखा बदलला की क्षेत्रफळ बिघडतं, दिशेनुसार वेगवेगळा बदलला की आकार बिघडतो.

स्लाइडमध्येच ज्या चुका असतात

पहिली चूक बल्बची. पारदर्शक गोल, आत दिवा, भोवती कागदाची नळी, आणि खाली लिहिलेलं मर्केटर. दिसायला झकास पण चूक. आपल्या संत्र्याच्या मध्यभागी दिवा लावला तर ६० अंशाची सावली नळीवर विषुववृत्तापासून ६.१ सेमीवर पडेल. मर्केटरमध्ये ती रेघ ४.६ सेमीवर असते आणि सालीवर ३.७ वर. मर्केटर सावलीने येत नाही, "जेवढं आडवं तेवढंच उभं" या हिशोबाने येतो, आणि त्याला तसा हिशोब हवा होता कारण तेव्हा जहाजावर होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं तर तो मार्ग नकाशात सरळ रेघ यायला हवा, कोन बिघडून चालणार नव्हतं. दर्यावर्दी माणसाला ग्रीनलंडचं क्षेत्रफळ काय करायचंय? त्यामुळे मर्केटर "चुकीचा नकाशा" आहे असं शिकवणंही मला पटत नाही, तो चुकीच्या कामाला लावलाय एवढंच.

दुसरी चूक जास्त मजेदार. स्लाइडवर नकाशा आणि खाली "१ सेमी = ५०० किमी". प्रोजेक्टरने तो भिंतीवर दोन मीटर झाला की हे वाक्य खोटं, अंकप्रमाणही खोटं. नकाशा लहानमोठा केल्यावर फक्त रेषाप्रमाण टिकतं कारण तेही सोबत ताणलं जातं. म्हणून स्लाइडवर नेहमी रेषाप्रमाणच ठेवा, बाकीचे दोन काढून टाका.

त्यातही एक सापळा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. जुनी ४:३ ची स्लाइड नव्या १६:९ पडद्यावर कोणीतरी ओढून पूर्ण पसरवली होती, सगळं आडवं सव्वापटीहून जास्त ताणलेलं, आणि मी मुलांना समजावत होतो की बघा मर्केटरमध्ये आकार बरोबर राहतात, आणि पडद्यावर आफ्रिका ढेरपोट्या माणसासारखी. आता मी प्रत्येक नकाशाच्या स्लाइडवर कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ टाकून ठेवतो. ते गोल दिसलं तर जी विकृती दिसते ती प्रक्षेपणाची, ते लंबगोल दिसलं तर प्रोजेक्टरची, आधी ते नीट करा.

अनोळखी नकाशा समोर आला तर

नाव वाचायची गरज नाही, जाळी बघा. आधी ६० अंशावर आणि विषुववृत्तावर दोन रेखावृत्तांमधलं अंतर पट्टीने मोजा. दोन्ही सारखं असेल तर आडवं दुप्पट ताणलंय हे नक्की. मग अक्षवृत्तांमधलं अंतर बघा, ० ते ३० आणि ३० ते ६०. सारखं असेल तर पहिली तऱ्हा, ध्रुवाकडे वाढत गेलं तर बहुधा मर्केटर, कमी होत गेलं तर समक्षेत्र. रेखावृत्तं वाकलेली असतील आणि ६० अंशावर अंतर विषुववृत्ताच्या निम्म्यावर आलं असेल तर पाकळीची खरी रुंदी राखलेली आहे, आणि निम्मं आणि पूर्ण यांच्या मधे कुठेतरी असेल तर रॉबिन्सनसारखा तडजोडीचा नकाशा असण्याची शक्यता जास्त. ध्रुव मध्यभागी असलेल्या गोल नकाशांना ही परीक्षा चालत नाही, तिथे आपली फाटलेली वाटी आठवा, कडेला साडेबारा सेमी कमी पडलेली, तिथे फट भरली गेलीय म्हणजे कडेचे देश आडवे ताणलेले असणार.

ती मुलगी पुढच्या तासाला आली तेव्हा तिने घरून स्वतःच्या पाकळ्या आणल्या होत्या, वाळून वळलेल्या, आणि म्हणाली ६० अंशावर माझी फट पाकळीपेक्षा मोठी येतेय, असं कसं? मोजून बघितलं, विषुववृत्ताचा पट्टा २२ चा होता आणि पाकळ्या सुकून अरुंद झालेल्या. दुसरं संत्रं काढलं आणि पुन्हा दोऱ्यापासून सुरुवात केली.